अठरावा स्लॅब आणि सातव्या मजल्याच्या भिंती

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं चिंचवडला भाड्याने राहतो. पुनावळे भागातल्या एका २२ मजली इमारतीत १७व्या मजल्यावर टू बीएचके बघितला आहे, सगळं धरून ७८ लाख. दोन लाख भरून नाव लावलंय. जुलैच्या मध्यात पहिल्यांदा साइटवर गेलो तेव्हा १५वा स्लॅब पडला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर १८वा. सेल्समधला मुलगा म्हणतो, "मॅडम, पासष्ट टक्के काम झालंय, पुढच्या डिसेंबरला चावी हातात." दसऱ्याला करारनामा करा म्हणून मागे लागलेत. सॅम्पल फ्लॅट मनात भरलाय, क्लबहाउस आणि स्विमिंग पूलही आहे. पण आमच्या दोन्ही घरांत कोणी इंजिनिअर नाही. साइटवर जाऊन नेमकं काय काय बघायचं याची एक यादी द्याल का? दोन्ही वेळचे फोटो आणि महारेराचा क्रमांक सोबत पाठवते आहे.

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

ताई, यादी देतो, पण ती माझी नाही. ती तुमच्याच प्रकल्पाच्या आर्किटेक्टने भरून, सही करून ठेवलेली आहे. तिच्याकडे येतोच. त्याआधी तुम्ही पाठवलेल्या फोटोंबद्दल बोलू, कारण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त तपासणी तुम्ही आधीच करून बसला आहात.

दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. तुम्ही वर बघत होतात, स्लॅब किती चढले ते. मी मधे बघत होतो. जुलैच्या फोटोत बाहेरच्या भिंती सहाव्या मजल्यापर्यंत आहेत. त्याच्या वर नुसते कॉलम आणि आरपार आकाश. सप्टेंबरच्या फोटोत त्या सातव्यापर्यंत आल्या आहेत. म्हणजे सात आठवड्यांत स्लॅब पडले तीन आणि भिंती चढल्या एक मजला. खाली पार्किंगचे दोन मजले आहेत, त्यामुळे १८वा स्लॅब म्हणजे राहत्या सोळाव्या मजल्याचं छत. तुमच्या सतराव्याची जमीन तयार आहे, डोक्यावरचं छत अजून पडायचं आहे. ही स्लॅबची आणि मजल्याची मोजणी बहुतेकांची चुकते, आणि सेल्सच्या ऑफिसात ती कोणी दुरुस्तही करत नाही.

स्लॅबच्या मागे भिंती थोड्या राहणारच. ताज्या स्लॅबखाली टेकू असतात, ते निघाल्याशिवाय त्या मजल्यावर ब्लॉकचं काम सुरू होत नाही. त्यामुळे चार-पाच मजल्यांचं अंतर मी स्वाभाविक मानतो. तुमच्या इमारतीत ते जुलैत सात मजल्यांचं होतं, आता नऊचं आहे. इमारत उंच होते आहे, पण घर होण्याच्या बाबतीत मागे पडते आहे.

आता याच वेगाने हिशेब करून बघा. उरलेले सहा स्लॅब या गतीने १४ आठवड्यांत पडतील, म्हणजे या डिसेंबरात इमारतीचा सांगाडा पूर्ण. तो दिवस पेढे वाटण्यासारखा दिसेल. पण भिंतींचे १५ मजले उरले आहेत, आणि एका मजल्याला सात आठवडे लागत असतील तर १०५ आठवडे होतात. दोन वर्षं. नुसत्या भिंतींना. त्यामागून प्लास्टर, फरशी, नळकाम, वायरिंग, लिफ्ट. पुढचा डिसेंबर साधारण ६५ आठवड्यांवर आहे.

मी हा आकडा तुम्हाला घाबरवायला काढलेला नाही, आणि तो जसाच्या तसा खरा ठरेल असंही नाही. जुलै-ऑगस्ट हा साइटवरचा सगळ्यात वाईट काळ असतो. बरेचसे मजूर पेरणीला गावी गेलेले असतात, पाऊस बाहेरची कामं अडवतो. ठेकेदाराने गवंड्यांच्या दोन टोळ्या वाढवल्या तर महिन्याला दोन मजलेही होतात. शिवाय फोटोत फक्त बाहेरच्या भिंती दिसतात, आतलं काम पुढे असू शकतं. म्हणून हा निकाल समजू नका, प्रश्न समजा. साइट इंजिनिअरला (सेल्सवाल्याला नव्हे) सरळ विचारा: "भिंतींवर सध्या किती टोळ्या आहेत आणि दिवाळीनंतर किती करणार?" ज्याच्याकडे नियोजन आहे तो आकडा सांगतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणतो, "होऊन जाईल, मॅडम."

तुमच्या पत्रात मला खरा अडकवणारा शब्द वाटला तो "पासष्ट टक्के". तुम्ही तो कामाचा आकडा समजलात. तो आला कुठून ते बघा. महाराष्ट्रात करारनाम्याचा जो नमुना ठरवून दिलेला आहे त्यात पैसे देण्याचे टप्पे असे आहेत: करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झालं की ४५, सगळे स्लॅब पूर्ण झाले की ७०. मग भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या यांना मिळून फक्त पाच टक्के, म्हणजे ७५. असं करत लिफ्ट, पंप, विद्युतकाम वगैरेपर्यंत ९५ आणि शेवटचे पाच ताबा देताना. जोत्यानंतरचे २५ टक्के बिल्डर सहसा सगळ्या स्लॅबांत सारखे वाटतो. तुमच्या इमारतीला २४ स्लॅब आहेत, त्यातले १८ झाले. पंचेचाळीस अधिक पावणेएकोणीस, म्हणजे जवळजवळ चौसष्ट. तुमचा पासष्टचा आकडा बहुधा इथला आहे. तो कामाचा नाही, वसुलीचा आहे. तो मुलगा खोटंही बोलत नाही, त्याला ऑफिसात हाच तक्ता दिलेला असतो.

स्लॅब भराभर का पडतात आणि भिंती का रेंगाळतात याचं उत्तरही त्याच तक्त्यात आहे. पैसा स्लॅबला बांधलेला आहे. चोविसावा स्लॅब पडला की प्रत्येक ग्राहकाकडून सत्तर टक्के येणं होतं, आणि त्यानंतरची सगळी किचकट, माणसं खाणारी कामं उरलेल्या तिसात करायची असतात. रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर व चार्टर्ड अकाउंटंट यांचे दाखले सक्तीचे केले, त्यामुळे पूर्वीसारखा एका साइटचा पैसा दुसऱ्या जमिनीत सहज जात नाही. पण कामाचा क्रम मात्र अजूनही तक्ताच ठरवतो.

आता यादी. maharera.maharashtra.gov.in वर तुमच्या प्रकल्पाचा क्रमांक टाकला की बिल्डरने दर तिमाहीला भरलेली प्रगतीची माहिती दिसते. त्यात फॉर्म १ नावाचा आर्किटेक्टचा दाखला असतो. दोन तक्ते असतात. तक्ता अ प्रत्येक इमारतीसाठी वेगळा: खोदाई, जोतं, पोडियम, स्लॅबांची संख्या, आतल्या भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, सॅनिटरी आणि विजेची फिटिंग, जिने व लिफ्टचे डक्ट, पाण्याच्या टाक्या, बाहेरचं प्लास्टर व वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, पंप, अग्निशमन. प्रत्येकासमोर किती टक्के झालं तो आकडा. तक्ता ब अख्ख्या प्रकल्पासाठी: रस्ते, पाणी, ड्रेनेज, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पावसाच्या पाण्याचं नियोजन, बाग, क्लबहाउससारख्या सामायिक इमारती, मीटर रूम, सबस्टेशन. यापेक्षा चांगली चेकलिस्ट मी तुम्हाला बसून लिहून देऊ शकत नाही. इंटरनेटवर शंभर कलमांच्या याद्या फिरतात, त्यात वास्तुशास्त्रापासून मोबाइलच्या रेंजपर्यंत सगळं असतं. त्या हातात घेऊन लोक साइटवर जातात आणि लॉबीतल्या मार्बलचे फोटो काढून परत येतात. हे दोन कागद छापा आणि प्रत्येक आकड्याशेजारी तुम्हाला डोळ्यांनी काय दिसलं ते पेन्सिलने लिहा.

तुमच्या प्रकल्पाचा जूनअखेरचा फॉर्म मी पाहिला. (प्रकल्पाचं नाव छापत नाही, तुम्हीही आणखी कुठे छापू नका. अजून तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं आहे.) तक्ता अमध्ये भिंतींसमोर ४० टक्के आहेत. तुमच्या जुलैच्या फोटोत २२ पैकी सहा मजले, म्हणजे सत्तावीसच्या आसपास. हा फरक लबाडीचाच असेल असं नाही. आर्किटेक्ट अंदाजाने आकडा घालतो, आणि जिन्याभोवतीच्या भिंती धरल्या असतील तर टक्के वाढतात. पण फरक मोठा आहे आणि तो कागद दाखवून विचारण्यासारखा आहे. जाताना लिफ्टची ओळही बघा. सांगाडा पूर्ण होत आलेल्या इमारतीत लिफ्टची ऑर्डर गेलेली असावी लागते. "कोणत्या कंपनीला दिली आणि आगाऊ रक्कम भरली का?" या प्रश्नाला साइट इंजिनिअरकडे हो किंवा नाही असं उत्तर असतं.

त्याच पानावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख आहे. ती पुढचा डिसेंबर नाही, त्याच्याही पुढच्या वर्षीचा जून आहे. तोंडी तारीख आणि नोंदलेली तारीख यांत सहा महिन्यांचं अंतर आहे. उशीर झाला तर कायद्याच्या कलम १८ खाली व्याज किंवा परतावा मागता येतो, पण ते मोजलं जातं करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपासून. मोबाइलवर "डिसेंबर पक्का" असा मेसेज कोणी कितीही प्रेमाने पाठवला, तरी करारनाम्यात जून लिहिला असेल तर जून. आणि "फिट-आउटसाठी ताबा" हा शब्द ऐकलात तर थांबा. भोगवटा प्रमाणपत्र येण्याआधी फर्निचर करायला चावी देण्याला तसं म्हणतात, आणि तो ताबा नव्हे.

तक्ता बमध्ये मात्र मला खरोखर दचकायला झालं. सामायिक इमारतींच्या ओळीत "प्रस्तावित आहे का" या रकान्यात "नाही" लिहिलं आहे. म्हणजे ज्या क्लबहाउसचं चित्र तुम्हाला दाखवलं, ते या नोंदणीत नाहीच. मोठ्या जागेवर बिल्डर टप्प्याटप्प्याने इमारती बांधतो आणि प्रत्येक टप्प्याची महारेरात वेगळी नोंदणी करतो. तुमचं क्लबहाउस आणि पूल बहुधा दुसऱ्या टप्प्यात धरले आहेत. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण अर्थ समजून घ्या: तुमची इमारत वेळेवर पूर्ण झाली, भोगवटा मिळाला, तुम्ही राहायला गेलात तरी पूल बांधायला बिल्डर तुमच्या टप्प्याखाली बांधील नाही. दुसरा टप्पा विकला गेला नाही तर तो खड्डाच राहतो.

म्हणून साइटवर गेलात की सॅम्पल फ्लॅटकडे वळण्याआधी मंजूर ले-आउट मागा. तो दाखवणं, तसंच कामाचं टप्पेवार वेळापत्रक देणं, कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बिल्डरवर बंधनकारक आहे, उपकार नाही. ले-आउटवर बोट ठेवून विचारा, "क्लबहाउस कुठे?" आणि मग त्या जागी चालत जा. तिथे सेंटरिंगचं सामान पडलंय, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, की शेजाऱ्याचं कुंपण? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला माहितीपत्रकात दाखवलेली बाग प्रत्यक्षात रस्तारुंदीत जाणारी पट्टी निघाली. ती जागा त्यांनी रोज पाहिली होती, फक्त नकाशा हातात घेऊन पाहिली नव्हती.

महारेराच्या करारनाम्यात सुविधांचं वेगळं परिशिष्ट असतं, त्यात प्रत्येक सुविधा कधी मिळणार ती तारीख लिहून घ्यायची असते. तुमच्या मसुद्यात ते परिशिष्ट कोरं असेल किंवा "टप्प्याटप्प्याने" असा एक शब्द असेल तर सही करू नका. माहितीपत्रक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले असतील तर भरपाई, किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. पण ते पुढे भांडायचं हत्यार आहे. परिशिष्ट भरून घेतलं तर भांडायची वेळच कमी येते.

आता सॅम्पल फ्लॅट. मनात भरला ते ठीक आहे, तो त्यासाठीच बांधलेला असतो. त्याला बऱ्याचदा आतली दारं नसतात, भिंतीच्या जागी प्लायवूड असतं, पलंग मापापेक्षा आखूड असतो आणि छतातले दिवे बीम झाकतात. तिथे टेपने मोजण्यात अर्थ नाही. मोजायचं असेल तर सातव्या मजल्यावर जा, जिथे ब्लॉकच्या भिंती उभ्या आहेत, आणि तुमच्या फ्लॅटच्या बरोबर खालचा फ्लॅट मोजा. मंजूर नकाशात बेडरूमची रुंदी १० फूट असेल तर उघड्या भिंतींमध्ये ती साधारण १० फूट १ इंच भरली पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून इंचभर जागा खातं. उघड्या भिंतीतच बरोबर १० फूट भरली तर तयार खोली कमी भरणार. चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, हे ध्यानात ठेवून बेरीज करा. शेवटच्या मोजणीत तीन टक्क्यांपर्यंतचा फरक नमुना करारनामा चालवून घेतो.

सॅम्पल फ्लॅटचा खरा उपयोग एकच. त्यात जे जे आवडलं ते करारनाम्याच्या परिशिष्टात सापडतं का ते जुळवून बघणं. त्या परिशिष्टात फरशी, सॅनिटरी फिटिंग, लिफ्ट यांचा ब्रँड, आणि ब्रँड नसेल तर किमतीची मर्यादा लिहायची असते. बहुतेक मसुद्यांत ब्रँडपुढे "किंवा समकक्ष" असं असतं. हा शब्द काढून टाका म्हटलं तर बिल्डर ऐकणार नाही, आणि त्याचंही थोडं बरोबर आहे, दीड वर्षाने तीच फरशी बाजारात मिळेलच असं नाही. पण "समकक्ष, आणि प्रति चौरस फूट अमुक रुपयांपेक्षा कमी नाही" एवढं घालून मागा. बऱ्याच ठिकाणी घालून देतात. विजेच्या पॉइंटांची संख्या खोलीनिहाय लिहून घ्या. ताबा घेताना सगळ्यात जास्त वाद पॉइंटांवरून होतात, आणि तेव्हा भिंती फोडायची वेळ आलेली असते.

बांधकामाचा दर्जा तुम्हाला कळणार नाही असं तुम्ही धरून चालला आहात. सगळा नाही कळणार, मलाही नुसतं बघून सगळा कळत नाही. पण दोन गोष्टी कोणालाही दिसतात. पहिली, तारखा. नीट चालणाऱ्या साइटवर कॉलमवर आणि भिंतीवर काँक्रीट ओतल्याची तारीख रंगाने लिहिलेली असते, कारण तिच्यावरून किती दिवस पाणी मारायचं आणि टेकू कधी काढायचे ते ठरतं. काँक्रीटवर किमान सात दिवस, आणि हल्ली सर्रास वापरतात त्या राख-मिश्रित सिमेंटला दहा दिवस तरी ओल टिकवावी लागते. सध्याच्या पावसात हे कळणार नाही, पण नोव्हेंबरात गेलात आणि चार दिवसांपूर्वीची तारीख असलेला कॉलम पांढरा, कोरडा, गोणपाट न गुंडाळलेला दिसला तर ते लिहून ठेवा. तारखाच नसतील तर तेही लिहा. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला निदान सात दिवस राहायला हवेत, त्याहून मोठ्याला चौदा.

दुसरी गोष्ट म्हणजे काँक्रीटचा चेहरा. कॉलमच्या पायाशी खडी उघडी पडलेली, मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर तिथे काँक्रीट नीट दबलेलं नाही. एखाद-दुसरं असं ठिकाण प्रत्येक साइटवर असतं, ते रीतसर भरतात. काळजीचं काय, तर प्रत्येक दुसऱ्या कॉलमला खालच्या फूटभरात वेगळ्या रंगाचा सिमेंटचा थर चोपडलेला असणं. तसं दिसलं तर क्यूब टेस्टचं रजिस्टर बघायला मागा. ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून बघतात, त्याची ती वही असते. तुम्हाला आकडे समजले नाहीत तरी चालेल. वही लगेच समोर आली की "उद्या मेल करतो" म्हणाले, एवढं समजलं तरी पुरे. याच टप्प्यावर फी देऊन एखाद्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला तासभर सोबत नेलंत तर मी आडवा येणार नाही, पण त्याच्याही हातात फॉर्म १ द्या.

पाऊस अजून आहे त्याचा फायदा घ्या. जोराची सर पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. खालच्या तयार मजल्यांवर खिडकीच्या खालच्या कडेने ओल आत आली आहे का, पार्किंगमध्ये पाणी साचलंय का, येण्याच्या रस्त्याचं काय झालंय, हे उन्हाळ्यात कळत नाही. ज्या मजल्यावर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालंय तिथे पाणी भरून ठेवून चाचणी घेतात. ती किती तास घेतली ते विचारा आणि त्याच्या खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा.

पाण्याचा प्रश्न वेगळा विचारा. शहराच्या कडेच्या भागांत पालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत बिल्डर स्वतःच्या खर्चाने टँकर देईल अशा हमीपत्रावर परवानगी दिलेली असू शकते. तसं हमीपत्र असेल तर त्याची प्रत मागा, कारण सोसायटी झाल्यावर टँकरचं बिल कोणी भरायचं हा वाद त्याच कागदावर सुटतो. बांधकाम परवानगी कुठल्या मजल्यापर्यंत आहे हेही लोकांनी बघायला हवं. तुमच्या बाबतीत ती २२ मजल्यांची आहे, ती काळजी नको.

मग करायचं काय? दसऱ्याला सही केलीत तर चौसष्ट टक्क्यांपर्यंतचे टप्पे एकदम देय होतील, सुमारे ५० लाख. तुमचे वीस टक्के म्हणजे साडेपंधरा लाख बँक आधी भरायला लावेल, उरलेले ३४ लाख कर्जातून जातील. साडेआठ टक्के व्याज धरलं तर नुसतं व्याज महिना २४ हजार, चिंचवडचं भाडं वेगळं. ताबा दहा महिने लांबला तर व्याजातच दोन लाख चाळीस हजार जास्त जातात. मुहूर्ताला मिळणारी सूट याच्या शेजारी मांडून बघा.

दुसरा मार्ग थांबण्याचा. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचा फॉर्म ऑक्टोबरमध्ये चढेल आणि पाऊस थांबल्यावर भिंतींचा खरा वेग दिसेल. दसरा गेला तर पाडवा आहे. फ्लॅट दुसरा कोणी घेईल ही भीती घालतील. २२ मजल्यांच्या इमारतीत तुमच्यासारखाच फ्लॅट वर-खाली आहेच. तोवर आणखी पैसे मागितले तर लक्षात ठेवा, नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे. बुकिंग फॉर्मवरची रद्द करण्याची अट मात्र आजच वाचा.

मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो. पण तुम्हाला हीच जागा हवी असेल, सासर-माहेर, नोकरी, शाळा जवळ असेल, तर नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. मग वाटाघाट करा: भिंती-प्लास्टरचा टप्पा "इमारतीच्या" ऐवजी "सतराव्या मजल्याच्या" कामाला जोडून मागा, तोंडी सांगितलेली डिसेंबरची तारीख करारनाम्यात मागा, क्लबहाउसला तारीख मागा. तिन्ही मिळणार नाहीत. कुठली एक द्यायला ते सगळ्यात जास्त का-कू करतात ते बघा, साइटची अडचण बहुधा तिथेच असते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच जागी उभं राहून, तिसरा फोटो काढा. वरचा स्लॅब आणि भिंतींचा मजला, दोन आकडे त्याच्या मागे लिहा. अंतर नऊवरून सातवर आलं असेल तर मला कळवा, मी माझं मत बदलेन. दहा झालं असेल तर तुम्हाला माझ्या मताची गरज उरणार नाही. आणि जाताना बंद बूट घाला. चपला घालून गेलात तर सिक्युरिटीवाला पोडियमच्या पुढे सोडणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.